पाळीची पहिली तीन वर्षं : सवलत कशाला आणि कशाला नाही

१९३४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲलन ट्रेलोअर या संशोधकाने एक चिवट काम सुरू केलं. विद्यार्थिनींना त्यांनी एक साधी विनंती केली : प्रत्येक पाळी कधी सुरू झाली, ते कार्डावर लिहून पाठवत राहा. अनेक जणींनी ते वर्षानुवर्षं केलं आणि पुढे त्यांच्या मुलींच्या नोंदीही त्यात आल्या. १९६७ साली या नोंदींचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की स्त्रीच्या आयुष्यात पाळीचं अंतर सर्वांत जास्त हेलकावे खातं ते दोन वेळा : पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षं आणि ती बंद होण्याआधीची काही वर्षं. मधल्या काळात ते बरंचसं स्थिरावतं.

म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलीची पाळी मागेपुढे होणं हा त्या वयाचा नियम आहे. पण 'सुरुवातीला असंच असतं' हे वाक्य घराघरांत दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावलं जातं. एक म्हणजे पाळी उशिरा किंवा लवकर येणं. दुसरी म्हणजे अंगावरून फार जाणं. पहिल्या गोष्टीला वयाची सवलत आहे. दुसरीला नाही. हा फरक कळला नाही, तर ठणठणीत मुलीला विनाकारण औषधं सुरू होतात आणि जिला खरोखर उपचार हवे असतात, ती महिनोन् महिने रक्त गमावत राहते.

पाळी मागेपुढे का होते

पाळीचं वेळापत्रक गर्भाशय ठरवत नाही. ते मेंदू आणि बीजकोश यांच्यातल्या देवाणघेवाणीतून ठरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बीजकोशाला संदेश पाठवते. त्यामुळे बीजकोशात बीजपुटिका वाढू लागतात आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. एरवी इस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरी हात आखडता घेते. पण ते पुरेशा उंच पातळीवर साधारण दोन दिवस टिकलं, तर प्रौढ स्त्रीच्या पिट्युटरीकडून उलट प्रतिसाद येतो. ती एलएच या संप्रेरकाचा एकदम मोठा लोट सोडते आणि त्यामुळे बीज बाहेर पडतं.

बीज बाहेर पडल्यावर रिकाम्या पुटिकेतून प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं. ते अस्तराला स्थिर ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ते आटतं, अस्तर एकसारखं सुटतं आणि पाळी येते. नियमित पाळीतली नियमितता मुख्यतः या ठरावीक दोन आठवड्यांतून येते.

वयात येताना ही सगळी यंत्रणा एकाच वेळी तयार होत नाही. इस्ट्रोजेन आधी तयार होऊ लागतं. त्याला एलएचच्या लोटाने उत्तर देण्याची क्षमता सर्वांत शेवटी पक्की होते. म्हणून पहिल्या वर्षातल्या बऱ्याच पाळ्या बीज बाहेर न पडताच येतात. अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहतं. इस्ट्रोजेन उतरलं किंवा अस्तर स्वतःला सांभाळण्यापलीकडे वाढलं की ते सुटतं. हे पंचविसाव्या दिवशी घडू शकतं, तसंच साठाव्या दिवशीही.

यातून अनेक आयांना पडणारं एक कोडंही सुटतं. पहिलं वर्ष पोटात फारसं न दुखलेली मुलगी पुढे पाळीत कळवळू लागते, तेव्हा काहीतरी बिघडलं असं वाटतं. बहुतेक वेळा घडलेलं असतं ते उलट. बीज नियमित बाहेर पडू लागलेलं असतं आणि पाळीआधी प्रोजेस्टेरॉन उतरताना अस्तरात कळा आणणारी द्रव्यं तयार होऊ लागलेली असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळीने हे दुखणं थांबत असेल तर काळजी नाही. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर मात्र तपासणी हवी.

आधी मोजणी नीट व्हावी

दवाखान्यात येणाऱ्या अनेक तक्रारी मोजणीतच सुटतात. पाळीचं अंतर मोजायचं ते रक्तस्राव सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याच घरांत ते पाळी संपल्यापासून मोजलं जातं. मग सहा दिवस पाळी चालली आणि त्यानंतर सोळा दिवसांनी पुढची आली, की 'पंधरा-सोळा दिवसांतच आली' अशी घबराट होते. खरं अंतर असतं बावीस दिवसांचं, आणि ते या वयाला चालतं. तसंच 'एका महिन्यात दोनदा आली' या तक्रारीत तारखा बघाव्यात. २ मार्चला आणि २९ मार्चला आलेल्या पाळीत सत्तावीस दिवसांचं अंतर आहे. ते अगदी उत्तम आहे.

आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा परीक्षा आली की औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. गोळ्या थांबल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो. तो गोळीमुळे झालेला असतो. त्या महिन्याच्या तारखांवरून मुलीच्या स्वतःच्या चक्राबद्दल काहीच सांगता येत नाही.

तारीख, किती दिवस चाललं आणि सर्वांत जास्त रक्तस्रावाच्या दिवशी किती पॅड लागले, एवढं भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा वहीत लिहिलं तरी पुरतं. डॉक्टरला पहिल्या भेटीत कोणत्याही रिपोर्टपेक्षा या नोंदीचा उपयोग जास्त होतो.

दोन मुलींच्या वह्या

समजावून सांगण्यासाठी दोन मुली कल्पू. मीरा आणि श्रावणी एकाच वर्गात आहेत.

मीराची पहिली पाळी साडेबाराव्या वर्षी, ९ जून २०२३ ला आली. पुढच्या तारखा अशा : २४ जुलै, १८ ऑगस्ट, २७ सप्टेंबर, २९ नोव्हेंबर आणि १ जानेवारी. अंतरं काढली तर ४५, २५, ४०, ६३ आणि ३३ दिवस येतात. प्रत्येक पाळी चार ते सहा दिवस चालली. जास्त रक्तस्रावाच्या दिवशी चार पॅड लागले. नोव्हेंबरची पाळी लांबली तेव्हा घरचे घाबरले, सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये बीजकोशांत बऱ्याच छोट्या पुटिका दिसल्या. 'पीसीओडी आहे' असं सांगितलं गेलं आणि गोळ्या सुरू करण्याची गोष्ट निघाली.

श्रावणीची पाळी मीराच्या सहा महिने आधी सुरू झाली. ती येते २८ ते ३० दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखी. घरात तिचं कौतुक आहे. पण ती नऊ-दहा दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दीड तासाला पॅड भिजून जातो. रात्री दोनदा उठावं लागतं आणि तरीही चादर खराब होते. गाठी पडतात, त्यांतल्या काही दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या. जिना चढताना तिला धाप लागते. 'माझंही असंच जायचं,' असं आई सांगते, म्हणून कुणी डॉक्टरकडे नेलं नाही.

या दोघींपैकी दवाखान्यात जायची गरज श्रावणीला आहे.

मीराची वही निरोगी आहे. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक पाळ्या २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येतात. पहिल्या वर्षात एखादं अंतर पंचेचाळिसाच्या पुढे गेलं तरी तो वयात येण्याचाच भाग असू शकतो. मर्यादा आहे ती नव्वद दिवसांची. पहिल्या वर्षातसुद्धा सलग तीन महिने पाळी आली नाही, तर असं एकदाच झालेलं असलं तरी कारण शोधायचं. मीराचं सर्वांत लांब अंतर ६३ दिवसांचं आहे आणि पुढची पाळी ३३ दिवसांनी आली आहे.

दुसरं वर्ष सुरू झालं की हिशेब थोडा कडक होतो. एकवीस दिवसांच्या आत किंवा पंचेचाळीस दिवसांनंतर पाळी येत राहिली, तर दाखवायचं. तीन वर्षं झाल्यावर वरची मर्यादा पस्तीस दिवसांवर येते, आणि वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील तरी तपासणी हवी. इथे मुलीचं वय धरायचं नाही. पहिल्या पाळीपासून किती काळ गेला, ते धरायचं. दहाव्या वर्षी पाळी आलेली मुलगी आणि चौदाव्या वर्षी पाळी आलेली मुलगी, दोघी पंधरा वर्षांच्या असल्या तरी एकीला पाच वर्षं झाली आहेत आणि दुसरीला एकच.

मीराच्या सोनोग्राफीचं काय? या वयातल्या निरोगी बीजकोशांतही अनेक पुटिका दिसतात, कारण त्या वाढीला लागलेल्या असतात. म्हणूनच पीसीओडी म्हणजेच पीसीओएसविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. किशोरवयीन मुलीत हे निदान करायला दोन गोष्टी एकत्र लागतात. एक म्हणजे तिच्या टप्प्याच्या मर्यादेबाहेर गेलेली पाळी. दुसरी म्हणजे पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण : हनुवटी, छाती, पोट यांवर जाड काळे केस, हट्टी आणि तीव्र मुरुमं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. मीराकडे यांतलं काही नाही. तिला गोळी नको. वही चालू ठेवायची, एवढंच.

श्रावणीची गोष्ट नीट बघू

एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव समजला जातो. घरी कुणी मिलिलिटर मोजत नाही, म्हणून दुसऱ्या खुणा वापरायच्या. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, इंचापेक्षा मोठ्या गाठी पडणं. श्रावणीच्या वहीत या चारही खुणा आहेत.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ७.६ आलं. आपल्याकडे या आकड्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही, आणि अडचण तिथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे फिकट मुलगी दिसली की 'खात नाही' असं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या द्यायलाच हव्यात. पण दर महिन्याला रक्त कुठून आणि का जातंय हे विचारलं नाही, तर भरलेलं लोह पुन्हा वाहून जातं.

डॉक्टरने पुढे प्रश्न विचारले. नाकाचा घोळणा फुटतो का? फुटतो, आणि बराच वेळ थांबत नाही. दात घासताना रक्त येतं का? येतं. साध्या धक्क्याने काळंनिळं पडतं का? दात काढला तेव्हा काय झालं? आणि आईला 'माझंही असंच जायचं' याचा तपशील विचारला. बाळंतपणानंतर तिला रक्त चढवावं लागलं होतं.

या उत्तरांतून संशय येतो तो रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषाचा. त्यांत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे फॉन विलेब्रांड आजार. त्याचा इतिहास थेट आपल्या विषयाशी येऊन भिडतो. १९२४ साली फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीतले डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणली गेली. तिच्या घरात अनेकांना सहज रक्तस्राव होत असे आणि काही भावंडं त्यातच गेली होती. विलेब्रांड यांनी त्या कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ साली हा आजार प्रथम मांडला. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी वारली. तिच्या आयुष्यातल्या चौथ्या पाळीत रक्तस्राव थांबला नाही.

या आजारात जखमेच्या जागी रक्तातल्या चकत्यांना, म्हणजे प्लेटलेट्सना, चिकटवून धरणारं प्रथिन कमी किंवा सदोष असतं. लहानपणी मोठी जखम वा शस्त्रक्रिया झाली नाही तर तो वर्षानुवर्षं लपून राहतो. पाळी ही शरीराची पहिली मोठी परीक्षा ठरते. म्हणून पहिल्या पाळीपासूनच अतोनात रक्तस्राव होत असेल, तर 'अजून बसेल' म्हणून वाट पाहायची नाही.

श्रावणीसाठी तपासण्या अशा होतील : संपूर्ण रक्तगणना, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइड, रक्त गोठण्याच्या मूळ चाचण्या आणि फॉन विलेब्रांड घटकाची पातळी. ही पातळी ताणात आणि तापात तात्पुरती वाढते, म्हणून एकदा ठीक आली तरी संशय पक्का असेल तर चाचणी पुन्हा करावी लागते. तोवर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, कारण त्या रक्तस्राव वाढवू शकतात. उपचार हाताशी आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पाळीच्या दिवसांत झालेली गुठळी टिकवून धरतं. संप्रेरकांच्या गोळ्या अस्तर पातळ ठेवतात. लोह साठा भरून काढतं. या मुलीच्या भविष्यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी आणि बाळंतपणाआधी हे निदान डॉक्टरच्या हाती असेल, हा त्याहून मोठा लाभ.

फार रक्त जाणाऱ्या प्रत्येक मुलीला असा दोष असतो असं नाही. बहुतेकींमध्ये कारण आधी सांगितलेलंच असतं : बीज बाहेर पडत नाही, प्रोजेस्टेरॉन नसतं आणि जाड झालेलं अस्तर तुकड्यातुकड्याने सुटत राहतं. पण तिथेही रक्तक्षय तितकाच खरा असतो आणि उपचार तितकेच लागतात. यंत्रणा पक्व होईपर्यंत काही महिने संप्रेरकं देऊन तो रक्तस्राव आटोक्यात ठेवता येतो. त्याने पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही.

पाळी थांबते तेव्हा

सुरू झालेली पाळी तीन महिने थांबण्यामागे एक कारण सध्या वारंवार दिसतं : ऊर्जेच्या खर्चाच्या मानाने अपुरं खाणं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी, कुस्तीच्या किंवा कबड्डीच्या सरावात दिवसाचे तास घालवणारी, किंवा बारीक व्हायचं म्हणून जेवण निम्मं केलेली मुलगी. अन्न अपुरं पडतंय हे कळताच मेंदू प्रजननाची यंत्रणा थांबवतो. 'एवढा व्यायाम आहे, म्हणून पाळी गेली' असं म्हणून हे सोडून देऊ नये. इस्ट्रोजेन नसलं की हाडं भरत नाहीत, आणि हाडांची बहुतेक साठवण विशीच्या आतच होते. इथे मुख्य औषध म्हणजे पोटभर अन्न आणि सरावात घट.

थायरॉइडचे दोष आणि प्रोलॅक्टिन वाढणं हीही कारणं आहेत. छातीतून दुधासारखा स्राव येत असेल किंवा सतत डोकं दुखून नजर अंधूक होत असेल, तर ते लगेच सांगावं. आणि गर्भधारणेची चाचणी डॉक्टर सुचवतील तेव्हा पालकांनी रागावू नये. पाळी नियमित नसली तरी गर्भ राहू शकतो. ही चाचणी म्हणजे मुलीवर संशय नव्हे, तपासणीची ती पहिली पायरी आहे. एकट्या मुलीशी काही मिनिटं बोलण्याची डॉक्टरला मुभा द्यावी.

अनेक मुली दवाखान्याला घाबरतात ते आतून तपासतील या भीतीने. या वयात सहसा त्याची गरज नसते. प्रश्न, वजन, रक्तदाब, रक्ताच्या चाचण्या आणि लागलीच तर पोटावरून केलेली सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक निदानं होतात. आपल्याकडे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' केंद्रं आहेत. तिथे सुरुवात करता येते.

केव्हा दाखवायचं

- पंधरा वर्षं पूर्ण होऊनही किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटूनही पाळी आली नाही. तेरा वर्षं झाली तरी छातीची वाढ सुरूच झाली नाही.
- पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखतं. योनिमुखाचा पडदा पूर्ण बंद असल्याने रक्त आत साठत असू शकतं.
- कोणत्याही टप्प्यावर नव्वद दिवस पाळी आली नाही.
- एक वर्षानंतरही अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून जास्त राहतं. तीन वर्षांनंतर ३५ दिवसांहून जास्त.
- पाळी सात दिवसांहून जास्त चालते किंवा दर एक-दोन तासांनी पॅड भिजतो.
- चेहऱ्यावर, छातीवर जाड केस येऊ लागले. आवाज झपाट्याने जाड होत असेल तर लगेच.

आणि एका परिस्थितीत अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. सलग दोन तास, दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा रक्त जात असताना चक्कर, धडधड आणि पांढराफटकपणा असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, रुग्णालय गाठा. पाळीच्या तारखांसाठी मुलीला तीन वर्षं द्या. तिच्या रक्तासाठी तीन महिनेही देऊ नका.